चालू कारखाना एकरकमी विकावा की जागा, मशिनं, माल वेगवेगळं विकावं?

प्रश्न: कोल्हापूरजवळ माझं मशीन शॉप आहे, २००६ पासून, प्रोप्रायटरी. मुलं यात येणार नाहीत. पुण्याची एक कंपनी सगळा धंदा येणी-देण्यांसकट घ्यायला तयार आहे, हातात तीन कोटी देते म्हणते. माझे सीए म्हणतात ‘स्लम्प सेल’ करा, म्हणजे सगळा धंदा एकरकमी विका, त्यांचे सीए म्हणतात जागा, मशिनं, माल यांची वेगवेगळी बिलं करा. शेवटी रक्कम तीच, मग टॅक्समध्ये एवढा फरक का पडतो? आणि जागा विकायची की भाड्याने द्यायची, हेही अजून ठरलेलं नाही.

उत्तर:

रक्कम तीच असली तरी नफा कुठल्या खिशातून निघाला असं कायदा मानतो, त्यावर दर ठरतो. तुमच्या धंद्यात नफ्याचा मोठा भाग मशिनांत दडलेला असणार, आणि मशिनांचा नफा हा कायद्याला सगळ्यात न आवडणारा नफा आहे.

आधी कलमांविषयी एक गोष्ट. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाला आणि क्रमांक बदलले. स्लम्प सेलचा गाभा मात्र तोच आहे आणि आम्ही सगळे अजून जुनेच क्रमांक तोंडाने म्हणतो, म्हणून इथेही तेच वापरतो.

तुमचा ताळेबंद माझ्यासमोर नाही, म्हणून तुमच्यासारख्याच एका शॉपचा नमुना घेऊ. सगळे आकडे लाखांत. जागा २००६ मध्ये १२ ला घेतलेली, स्वतःची, बिगरशेती. आज रेडीरेकनरने ९०. शेड घसारा जाऊन वहीत १०, रेडीरेकनरने ३०. लेथ, व्हीएमसी, ग्राइंडर वगैरे मशिनं वहीत ४०, बाजारात १३०. माल वहीत ३५, विकला तर ४०. येणी ४५. म्हणजे वहीत एकूण १४२. देणी ६२: व्यापाऱ्यांची ३२, बँकेच्या कॅश क्रेडिटची ३०. निव्वळ मालमत्ता ८०. घेणारा ६२ ची देणी स्वतःच्या अंगावर घेऊन वर ३०० देतो, म्हणजे त्याच्या हिशेबाने धंद्याची किंमत ३६२. वस्तूंची बेरीज ३३५ होते, उरलेले २७ गुडविलचे.

स्लम्प सेलचा हिशेब एका ओळीचा आहे. मिळाले ३००, निव्वळ मालमत्ता ८०, भांडवली नफा २२०. तीन वर्षांहून जास्त चाललेला धंदा असल्यामुळे सगळाच्या सगळा नफा दीर्घ मुदतीचा. त्यातलं एखादं मशीन गेल्या दिवाळीत घेतलेलं असलं तरी फरक पडत नाही, कारण कलम ५०बी अख्ख्या धंद्यालाच एक मालमत्ता मानतं. १२.५ टक्क्यांनी कर होतो २७.५ लाख. महागाई निर्देशांकाचा फायदा इथे पूर्वीही नव्हता, आताही नाही.

आता हाच व्यवहार वेगवेगळ्या बिलांनी. जागेवर नफा ७८. निवासी व्यक्तीने २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्या जागेला निर्देशांक लावून २० टक्के किंवा न लावता १२.५ टक्के, यात जो कर कमी तो भरता येतो. निर्देशांकाने १२ चे साधारण ३७ होतात, उरलेल्या ५३ चे २० टक्के म्हणजे १०.६. साध्या १२.५ टक्क्यांनी ९.७५. तेच घेऊ. गुडविल तुमचं स्वतः कमावलेलं, त्याची खरेदी किंमत शून्य, म्हणून २७ वर १२.५ टक्क्यांनी ३.४. मालावर ५ चा नफा, तो धंद्याचं उत्पन्न, ३० टक्क्यांनी १.५. येणी वहीच्या किमतीलाच जातात, तिथे काही नाही.

आणि आता शेड व मशिनं. ज्यावर घसारा घेतला ती वस्तू विकली की कलम ५० लागतं. वीस वर्षं वापरलेला लेथ असला तरी नफा अल्प मुदतीचा मानायचा आणि तुमच्या नेहमीच्या स्लॅबने कर भरायचा. शेडवर २०, मशिनांवर ९०, मिळून ११०. वर्षाच्या चालू नफ्याने तुम्ही वरच्या स्लॅबमध्ये गेलेलेच असता, म्हणून ३० टक्के: ३३ लाख. सगळं मिळून ४७.६ लाख.

नफा दोन्हीकडे २२०च, तुम्ही जुळवून पाहा. सरचार्ज (इथे दोन्हीकडे १५ टक्के धरला) आणि उपकर चढवला की एकीकडे साधारण ३२.९ आणि दुसरीकडे ५७. चोवीस लाखांचा फरक, आणि तो जवळजवळ सगळा त्या ११० मुळे. म्हणून माझा पहिला प्रश्न नेहमी एकच असतो: मशिनांची वहीतली किंमत आणि बाजारातली किंमत यात अंतर किती? अंतर थोडं असेल तर हा सगळा खटाटोप कशाला, हे मी पक्षकाराला सरळ सांगतो.

दोन गोष्टींनी ही दरी कमी होते, त्या तुमचे सीए कदाचित घाईत सांगायचे राहिले असतील. वेगवेगळं विकलं तर जागा आणि शेडचा नफा ५० लाखांपर्यंत कलम ५४ईसीच्या रोख्यांत, सहा महिन्यांच्या आत, पाच वर्षांसाठी गुंतवता येतो. मुंबई उच्च न्यायालयाने एस बिल्डर्सच्या प्रकरणात सांगितलं आहे की कलम ५० फक्त नफा मोजण्यापुरतं आहे. जुन्या शेडची ही सूट त्याने जात नाही. म्हणजे शेडचे २० आणि जागेचे ३० गुंतवले तर पावणेदहा लाख वाचतात, अर्थात ५० लाख पाच वर्षं अडकवून. स्लम्प सेलला ही वाट धरू नका. २०१८ पासून त्या कलमात फक्त जमीन-इमारतीचं नाव आहे, आणि तुम्ही तर ‘धंदा’ विकलेला असतो.

दुसरी गोष्ट म्हणजे एसकेएफ इंडियाच्या प्रकरणातला आयकर अपील न्यायाधिकरणाच्या मुंबई विशेष खंडपीठाचा २०२४ चा निकाल. जुन्या घसारायोग्य मालमत्तेच्या नफ्याला दर मात्र दीर्घ मुदतीचाच लावायचा, असं तो म्हणतो. तो शेवटपर्यंत टिकला तर ३३ चे पावणेचौदा होतील आणि दोन्ही मार्ग जवळपास सारखे पडतील. पण तेवढ्यावर तीन कोटींचा व्यवहार बांधू नका. मागे पडलेल्या केससाठी तो हाताशी ठेवायचा निकाल आहे. आयुष्यात एकदाच धंदा विकणाऱ्या माणसाने पुढची पाच-सात वर्षं अपिलात घालवायचं ठरवून सही करू नये.

आता स्लम्प सेल टिकतो कशावर आणि मोडतो कशावर ते सांगतो. व्याख्येत दोन गोष्टी आहेत. चालता धंदा संपूर्ण गेला पाहिजे, आणि रक्कम एकगठ्ठा ठरली पाहिजे, वस्तूवार किमती न लावता. पहिलं सहसा जमतं. दुसऱ्यावर लोक घसरतात.

१९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरातच्या दोन प्रकरणांत निकाल दिले, इलेक्ट्रिक कंट्रोल गिअर आणि आर्टेक्स मॅन्युफॅक्चरिंग. दोन्हीकडे भागीदारी पेढीने चालू धंदा कंपनीला एकरकमी दिलेला. पहिल्यात कुठल्या मशिनाचे किती याचा पुरावाच नव्हता, म्हणून मशिनांवरचा नफा वेगळा काढता आला नाही. आर्टेक्समध्येही करारात वस्तूवार किमती लिहिलेल्या नव्हत्या, पण ती रक्कम मूल्यमापकाने मशिनांची किंमत काढून ठरवली होती, हे पेढीनेच दिलेल्या माहितीतून उघड झालं. मशिनांवर कर लागला. तेव्हा ५०बी नव्हतं, ते १९९९ च्या वित्त कायद्याने आलं, पण धडा अजून तोच लागू आहे: आयकर खात्याला किंमत करारातच सापडायला लागते असं नाही, ती ईमेलमध्ये सापडली तरी चालते.

माझ्या टेबलावर एकदा असाच करार आला होता. मुख्य करार सुरेख, ‘एकरकमी मोबदला’ तीन वेळा लिहिलेला. मागे परिशिष्ट ब, मशिनांची यादी, आणि उजव्या बाजूला एक बारीकसा रकाना: ‘अंदाजे रक्कम’. घेणाऱ्याच्या अकाउंटंटने त्याच्या सोयीसाठी टाकलेला, खाली बेरीजही मारलेली. दुसऱ्या दिवशी सकाळी सह्या होत्या. रकाना काढला, मशिनांचे मेक आणि सीरियल नंबर तेवढे ठेवले, परिशिष्ट परत छापलं. यादी हवीच, नाहीतर काय विकलं यावरून भांडण होतं. रुपये नकोत.

मग घेणाऱ्याने आपल्या वहीत मशिनं कितीला दाखवायची? ते काम त्याचं. व्यवहार झाल्यावर तो स्वतःच्या मूल्यमापकाकडून ३६२ ची वाटणी करून घेतो, तो अहवाल त्याच्या फाइलमध्ये राहतो आणि त्यावर तो घसारा मागतो. तुमची सही त्यावर नको, तुमच्याकडे त्याची प्रतही नको. त्यांचे सीए वेगवेगळ्या बिलांचा हट्ट धरतात त्यामागे बऱ्याचदा घसाऱ्याचीच काळजी असते. ती अगदीच खोटी नाही, बिल असलं की मशिनाच्या किमतीवर कुणी वाद घालत नाही. पण गुडविलवर घसारा आता दोन्ही मार्गांनी मिळत नाही, २०२१ च्या वित्त कायद्याने तो बंद झाला.

जागेचं खरेदीखत हा यातला अवघड जागेचा भाग. दुय्यम निबंधकाकडे आकडा टाकल्याशिवाय खत नोंदत नाही. मग वस्तूवार किंमत लागली का? नाही. व्याख्येखालीच खुलासा आहे की केवळ मुद्रांक शुल्क किंवा नोंदणी फीसाठी काढलेली किंमत धरायची नाही. पण ते खतात दिसलं पाहिजे. मी असं लिहून घेतो: ‘सदर मिळकत ही अमुक तारखेच्या धंदा हस्तांतरण करारान्वये एकरकमी मोबदल्यात हस्तांतरित होणाऱ्या धंद्याचा भाग असून येथे नमूद मूल्य केवळ मुद्रांक शुल्क व नोंदणी फी यांचे आकारणीसाठी आहे.’ हे वाक्य नसेल आणि नुसतं ‘रुपये नव्वद लाख मात्र मोबदला मिळाला’ असं असेल, तर खुलाशाचा आधार तुम्ही स्वतःच सोडलात.

मुद्रांकाचा आणखी एक मुद्दा आहे आणि तो घेणाऱ्याच्या बाजूने बोलतो. महाराष्ट्रात जंगम मालमत्तेच्या हस्तांतरपत्रावर ३ टक्के मुद्रांक लागतो. वेगवेगळ्या बिलांनी मशिनं आणि माल नुसत्या डिलिव्हरीने जातात, हस्तांतरपत्रच नसतं. स्लम्प सेलमध्ये सगळं एका करारात येतं, म्हणजे नमुन्यातल्या मशिनं-मालाच्या १७० वर साधारण पाच लाख. जागेचा मुद्रांक दोन्हीकडे सारखाच. हे पाच लाख देणारा घेणारा, आयकर वाचवणारे तुम्ही, म्हणून किमतीच्या बोलणीत हा आकडा आधीच टेबलावर ठेवा. आणि करार सहीआधी मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अभिनिर्णयासाठी, म्हणजे मुद्रांक किती ते ठरवून घ्यायला, टाका. नंतर कमी मुद्रांकाची नोटीस येण्यापेक्षा ते बरं.

२०२१ पासून आलेली एक अट मात्र तपासायला हवी. तुम्हाला किती मिळाले एवढंच आता बघत नाहीत. नियम ११यूएई प्रमाणे मालमत्ता वहीच्या किमतीला, पण जागा-इमारत रेडीरेकनरला धरून देणी वजा करायची, आणि ही रक्कम मिळालेल्या रकमेहून जास्त असेल तर तीच विक्री किंमत मानायची. नमुन्यात मशिनं, माल, येणी वहीत मिळून १२०, अधिक जागा-शेडचे १२०, उणे ६२, म्हणजे १७८. आपल्याला ३०० मिळतात, प्रश्न नाही. पण मोक्याच्या रस्त्यालगत जागा आणि मरगळलेला धंदा असेल तर इथेच पाय अडकतो. याच्या उलट, ज्याची देणी मालमत्तेपेक्षा जास्त आहेत त्याची निव्वळ मालमत्ता उणे येते, आणि ती उणे रक्कम नफ्यात मिळवायची असं मुंबई विशेष खंडपीठाने समिट सिक्युरिटीजमध्ये सांगितलं आहे. हातात दहा लाख आणि कर मात्र पन्नास लाखांच्या नफ्यावर, असं होऊ शकतं.

निव्वळ मालमत्तेचा हिशेब सीएने तपासून ३सीईए या फॉर्ममध्ये द्यायचा, विवरणपत्राच्या मुदतीच्या एक महिना आधी. मशिनं आयकराच्या घसाऱ्याने, पुनर्मूल्यन केलेलं असेल तर ते सोडून. तुमची खासगी गाडी किंवा घरच्यांची उसनवारी ताळेबंदात असेल तर ती आत की बाहेर हे करारातच ठरवा. प्रोप्रायटरच्या वहीत घर आणि धंदा एकाच ताटात जेवतात, त्याचा गोंधळ इथे बाहेर येतो.

जीएसटीत स्लम्प सेल सोपा आहे. चालू धंद्याचं हस्तांतरण करमुक्त आहे. वेगवेगळ्या बिलांत मशिनं आणि मालावर १८ टक्के, १७० वर तीस लाखांच्या वर. घेणाऱ्याला ते पुढे वजा मिळतात, पण आज रोख घालावी लागते. तुमच्या खात्यावर पडून असलेलं क्रेडिट आयटीसी-०२ फॉर्मने घेणाऱ्याकडे जातं. त्यासाठी करारात देणी हस्तांतराची स्पष्ट तरतूद आणि सीएचं प्रमाणपत्र लागतं, आणि घेणाऱ्याने पोर्टलवर ते स्वीकारावं लागतं. क्रम चुकवू नका. धंदा विकला म्हणून उत्साहाने आधी नोंदणी रद्द करायला टाकणारे मी पाहिलेत. मग शिल्लक मालावरचं क्रेडिट परत भरा म्हणून मागणी येते, आणि आयटीसी-०२ भरायला लॉगिनच चालत नाही. आधी आयटीसी-०२, घेणाऱ्याची स्वीकृती, मगच रद्द करण्याचा अर्ज.

घेणाऱ्याची दुसरी भीती खरी आहे: जुनी भुतं. जीएसटीच्या कलम ८५ प्रमाणे तुमच्या जुन्या थकबाकीला तोही तुमच्याबरोबर जबाबदार होतो, पीएफचंही तसंच. म्हणून तो काही रक्कम वर्ष-दोन वर्षं अडकवून ठेवायला सांगेल. तुमच्यावर आयकराची काही कारवाई चालू असेल तर कलम २८१ चा ना-हरकत दाखलाही मागेल, आणि त्याला वेळ लागतो, म्हणून अर्ज आत्ताच टाका. वीस-पंचवीस लाख अडकले तरी चालतील. फक्त ती रक्कम ‘मशिनांच्या किमतीपोटी’ अडकवली असं कुठे लिहू देऊ नका.

राहिली जागा. जागा आणि शेड बाहेर ठेवूनही स्लम्प सेल होतो, धंदा चालू राहण्याइतकं बाकी सगळं गेलं की पुरे. काही मालमत्ता मागे राहिली म्हणून स्लम्प सेल मोडत नाही, हे प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये मुंबई उच्च न्यायालयाने म्हटलं आहे. भाडेकरार त्याच दिवशी करा, नाहीतर मशिनं उभी कुठे करायची आणि ‘चालता धंदा’ तो कुठला, असा प्रश्न येतो. नमुन्यात तेव्हा जागा-शेडचे १२० वगळून मिळतील १८०, त्यांचे वहीतले २२ वगळून निव्वळ मालमत्ता ५८, नफा १२२, कर सव्वापंधरा लाख. जागेवरचा कर ती विकाल तेव्हा. भाडं धंद्यासाठीचं असल्यामुळे त्यावर १८ टक्के जीएसटी येईल, म्हणून तुमची नोंदणी पूर्ण रद्द करायची की नाही हे त्याआधी ठरवावं लागेल. जागा एमआयडीसीची असेल तर मात्र हे सगळं महामंडळाच्या परवानगीवर आणि हस्तांतर शुल्कावर अवलंबून. ती तुमची नव्हे, लीजची असते, आणि त्याची चौकशी कराराचा मसुदा लिहायच्या आधी करा.